वाटणीपत्र वाचायचं ते शेवटच्या पानापासून



मागच्या महिन्यात इंदूरहून आत्याचा फोन आला. "अगं, तुझ्या काकाने व्हॉट्सॲपवर वाटणीपत्राचा मसुदा पाठवलाय. अकरा पानं आहेत. रविवारी गावी जाऊन सही करायची आहे. तू जरा वाचून सांग ना."

मी इंग्रजी साहित्यात बीए केलंय, वकिली नाही. पण आत्याने विचारलं म्हणून बसले वाचायला. पहिली सात पानं कुटुंबाचा इतिहास होता. कोण कोणाचा मुलगा, आजोबा कधी वारले, सगळे कसे प्रेमाने राहतात वगैरे. मी "छान आहे" असं कळवणारच होते. तेवढ्यात ओळखीच्या एका वकीलबाईंना पानं दाखवली आणि त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं, "आधी शेवटची तीन पानं उघड. भांडणं तिथं असतात."

शेवटच्या पानांवर मिळकतींचं परिशिष्ट असतं, म्हणजे कोणकोणती मालमत्ता आहे आणि कोणाला काय मिळालं त्याची यादी. त्याच्या जरा आधी हक्कसोडीचं कलम असतं, म्हणजे कोणी कशावरचा हक्क सोडला ते. आज या दोनच गोष्टी बघू. उदाहरण आमच्याच घरचं आहे. गट नंबर आणि आकडे मात्र मी बदललेत.

आधी घरातलं चित्र

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मिळकती त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या. मागे आजी, माझे बाबा, काका आणि आत्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे या चौघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी चौथा. मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली म्हणून तो कमी होत नाही. मिळकत वडिलोपार्जित असती तरी २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

घरात बसून ठरलं ते असं. गावचं घर आजी आणि बाबांच्या नावावर निम्मं-निम्मं. पुण्याचा फ्लॅट काकांना. शेतजमीन तिन्ही भावंडांत, त्यात आत्याला ४० आर. आणि फ्लॅटमधला हिस्सा सोडण्याबद्दल काका आत्याला १२ लाख रुपये देणार. यावर सगळे खूश होते, कोणाच्या मनात खोट नव्हती. मसुदा तालुक्याच्या गावातल्या एका दस्तलेखकाने जुन्या नमुन्यावरून तयार केला होता. घोळ तिथेच झाला.

परिशिष्ट: यादी आपण आपल्या हाताने करायची

मसुद्यातली यादी वाचून "हो, बरोबर" म्हणणं म्हणजे तपासणं नव्हे. त्यात जे लिहिलेलंच नाही ते वाचून कसं कळणार? म्हणून मसुदा बाजूला ठेवून आधी सरकारी नोंदींवरून स्वतःची यादी करायची.

महाराष्ट्रात शेतजमिनीसाठी ८-अ चा खाते उतारा बघायचा. एका गावात एका खातेदाराच्या नावावर किती गट आहेत ते त्यात एकत्र दिसतं. मग प्रत्येक गटाचा सातबारा बघायचा. दोन्ही bhulekh.mahabhumi.gov.in वर घरबसल्या बघता येतात. शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, फ्लॅटसाठी खरेदीखत आणि सोसायटीचं भाग प्रमाणपत्र. तुमची जमीन दुसऱ्या राज्यात असेल तर कागदाचं नाव बदलेल. मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, कर्नाटकात पहाणी. पद्धत मात्र तीच.

इथे एक मेख आहे. ८-अ हा एकाच गावापुरता असतो. शेजारच्या गावच्या शिवारात जमीन असेल तर ती त्यात दिसणार नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. यादी करताना आत्या आजीशी फोनवर बोलत होती आणि आजी म्हणाली, "आणि ते चिंचेचं रान कोणाला दिलं गं?" सगळे गप्प. आजोबांनी पूर्वी पलीकडच्या गावात २२ आर जमीन घेतली होती. बरीच वर्षं पडीक होती, काकाही विसरले होते. त्या गावात नावाने शोध घेतला तर सातबारा आजोबांच्याच नावावर निघाला. मसुद्यात या जमिनीचा उल्लेखच नव्हता. आणि आता तिच्या बाजूने मोठा रस्ता जातोय.

म्हणून शोधताना आजोबांचं नाव टाकायचं, पणजोबांचंही टाकायचं, आजूबाजूची दोन-तीन गावं बघायची, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचं. ही शेवटची पायरी कोणत्याही वेबसाइटवर मिळत नाही.

बेरीज करून बघा

परिशिष्टाचे साधारण दोन थर असतात. परिशिष्ट 'अ' मध्ये सगळ्या मिळकती, आणि पुढे 'ब', 'क', 'ड' मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं ते. तपासायचा नियम साधा आहे. 'अ' मधली प्रत्येक गोष्ट पुढच्या यादीत एकदाच यायला हवी, आणि क्षेत्रांची बेरीज मूळ क्षेत्राइतकी व्हायला हवी.

सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं टिंब देऊन लिहितात. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, गुंठा किंचित मोठा. तेव्हा ०.४०.०० म्हणजे ४० आर आणि ०.०४.०० म्हणजे फक्त ४ आर. टायपिंगमध्ये एक शून्य इकडचं तिकडे झालं तर दहापट फरक पडतो. म्हणून क्षेत्र आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहून घ्यायचं.

आमचा गट नंबर २१४. सातबारावर एकूण क्षेत्र १.६२.००. मसुद्यात बाबांना ०.५६, काकांना ०.५६ आणि आत्याला ०.४०. मी मोबाइलवर बेरीज केली, १.५२ आली. १० आर कुठे गेले?

वकीलबाईंनी सातबारा उघडून दाखवला. त्यावर लागवडीयोग्य क्षेत्र १.५२.०० आणि पोटखराबा ०.१०.०० असं वेगवेगळं लिहिलेलं होतं. पोटखराबा म्हणजे गटातलाच, पण लागवडीला न येणारा भाग. दस्तलेखकाने फक्त लागवडीचं क्षेत्र वाटलं होतं.

"खराबाच आहे ना, राहू दे," असं आत्या म्हणालीसुद्धा. मग बाबांनी कागदावर शेताचा आकार काढला. गाडीरस्ता पूर्वेला, आत्याचा तुकडा अगदी पश्चिमेला. मध्ये काका आणि बाबांचे तुकडे. आणि तो १० आरांचा पट्टा म्हणजे उत्तरेच्या ओढ्याकाठची वाट. आत्याला तिच्या रानात जायला तेवढी एकच वाट होती! ती कोणालाच दिलेली नव्हती. आज काका आहेत, जाऊ देतील. उद्या त्यांनी जमीन विकली तर नवा मालक कशाला जाऊ देईल?

दुरुस्ती दोन वाक्यांची झाली. पोटखराबा ०.१०.०० तिघांचा सामाईक राहील, आणि त्यातून १० फूट रुंदीची वाट तिघांना व त्यांच्या वारसांना कायम खुली राहील. काकांच्या तुकड्यात असलेल्या विहिरीच्या पाण्याचं तसंच लिहून घेतलं. आता बेरीज ०.५६ + ०.५६ + ०.४० + ०.१० म्हणजे १.६२. जुळली.

चतुःसीमा: तिन्ही तुकड्यांच्या सारख्या कशा?

नोंदणी कायद्याच्या कलम २१ नुसार दस्तातलं मिळकतीचं वर्णन ती नेमकी ओळखता येईल इतकं पुरेसं असावं लागतं. नुसतं "गट नं. २१४ पैकी ०.४०.००" एवढं लिहिलं तर ४० आर कुठले? ओढ्याकडचे की रस्त्याकडचे? 'पैकी' हा शब्द दिसला की लगेच पुढे दिशा, चतुःसीमा आणि नकाशा शोधायचा.

आमच्या मसुद्यात चतुःसीमा होत्या, पण तिन्ही तुकड्यांना त्याच चार. त्या जुन्या खरेदीखतातून उचललेल्या अख्ख्या गटाच्या सीमा होत्या. चूक ओळखायची सोपी खूण हीच. एकाच गटातल्या दोन तुकड्यांच्या चारही सीमा कधीच सारख्या असू शकत नाहीत. शेजारी असतील तर निदान एका बाजूला एकाने दुसऱ्याचं नाव घ्यायला हवं. आत्याच्या तुकड्याच्या पूर्वेला "याच गटातील काकांच्या वाट्याचे क्षेत्र" असायला हवं, आणि काकांच्या पश्चिमेला आत्याचं.

हे का महत्त्वाचं? क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांचा मेळ बसला नाही तर न्यायालयं सर्वसाधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतात. म्हणजे नेमकी जी गोष्ट आपण वाचत नाही तीच ऐनवेळी बोलते. हाताने काढलेला का होईना, मोजमापांसह नकाशा जोडायचा आणि त्यावरही सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न वकिलांना विचाराच. वाटणीने इतके लहान तुकडे पडत नाहीत ना, की ते १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडकतील? जमीन जिरायत की बागायत यावर ही मर्यादा ठरते.

हक्कसोड: एका वाक्यात पाच प्रश्न

आता ते कलम. मसुद्यात साधारण असं होतं: "लिहून देणार बहीण यांनी परिशिष्टातील तसेच कुटुंबाच्या इतर सर्व ज्ञात-अज्ञात मिळकतींमधील आजचे व भविष्यातील सर्व हक्क भावांच्या लाभात कायमचे सोडून दिले असून त्याबद्दलचा मोबदला पूर्णपणे पोचला आहे."

वाचायला नेहमीचंच वाटतं ना? मलाही वाटलं होतं. वकीलबाईंनी पेन घेऊन या एका वाक्याचे पाच तुकडे केले.

पहिला प्रश्न, कशावरचा हक्क? "इतर सर्व ज्ञात-अज्ञात" या शब्दांचा अर्थ चिंचेचं रानसुद्धा. ते यादीत नाही, पण आत्याने त्यावरचा हक्क सोडला असं लिहिलं गेलं. २२ आरांचा चौथा हिस्सा म्हणजे साडेपाच आर, ठरलेलं नसताना गेले असते. यादीत राहून गेलेली जमीन आणि असे सरसकट शब्द एकत्र आले की नुकसान होतं. हक्कसोड फक्त "परिशिष्ट ब व क मध्ये वर्णन केलेल्या मिळकतींपुरती" असावी. आणि पुढे एक वेगळं वाक्य हवं: यापुढे आजोबांच्या नावे आणखी कोणती मिळकत किंवा तिची भरपाई निघाली, तर तीत चौघांचा सारखा हिस्सा राहील. चिंचेचं रान आम्ही परिशिष्टात घातलंच, पण हे वाक्यही घातलं.

दुसरा प्रश्न, कधीचा हक्क? "भविष्यातील" हा शब्द छोटा आहे, पण आजी हयात आहे आणि निम्मं घर तिच्या नावावर येतंय. तिच्या पश्चात, तिने मृत्युपत्र केलं नाही तर, त्यात आत्याचाही वाटा असणार. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६(अ) नुसार वारसाने पुढे काही मिळेल ही नुसती अपेक्षा हस्तांतरित करता येत नाही. मग शब्द राहिला तर बिघडलं कुठे? बिघडतं असं की पैसे घेऊन असं लिहून दिलं असेल, तर नंतर "तूच सोडलंस आणि लाभही घेतलास" असा मुद्दा न्यायालयात तिच्याविरुद्ध उभा राहू शकतो. तो वाद ओढवून घेण्यापेक्षा शब्द खोडलेला बरा. आम्ही लिहिलं: "आईच्या हिश्श्यातील पुढील वारसाहक्कास या दस्ताने बाध येणार नाही."

तिसरा प्रश्न, कोणाच्या लाभात? "भावांच्या" हे पुरेसं नाही. फ्लॅट काकांना, तर त्यातली हक्कसोड काकांच्या लाभात, नाव लिहून. घर आजी आणि बाबांना, तर तिथे आजीचं नाव हवंच. मसुद्यात "भावांच्या" लिहिल्यामुळे आजी घराच्या कलमातून बाहेरच पडली होती.

चौथा प्रश्न, फक्त एकीनेच का सोडायचा? मसुद्यात आत्याने सगळ्यांच्या वाट्यावरचा हक्क सोडला होता. पण तिच्या ४० आरांवरचा हक्क बाबांनी, काकांनी आणि आजीने सोडल्याचं कुठेच नव्हतं. म्हणजे तिच्या तुकड्यावर चौघांचं नाव लागू शकत होतं आणि बाकीच्यांचे तुकडे मोकळे. बहिणींच्या बाबतीत असे एकतर्फी मसुदे बरेचदा दिसतात, असं वकीलबाई म्हणाल्या. हक्कसोड परस्पर हवी, प्रत्येकाने इतरांच्या वाट्यावरची.

पाचवा प्रश्न, पैसे खरंच पोचलेत का? "पूर्णपणे पोचला आहे" असं लिहिलं होतं. १२ लाखांचा धनादेश अजून फाडलेलाही नव्हता! सही केल्यावर ही आपणच दिलेली पावती ठरते. रक्कम, बँक, धनादेश किंवा डीडीचा क्रमांक आणि तारीख दस्तात घालायची. आम्ही सहीच्या वेळी डीडी हातात, असं ठरवलं.

यात एक मोह असतो, तोही सांगते. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीवरची जवळच्या नात्यातली बिनमोबदला हक्कसोड अगदी कमी मुद्रांक शुल्कात होते. मोबदला असेल तर खरेदीखतासारखा दर लागू शकतो. म्हणून काही जण सुचवतात, "पैशाचा उल्लेखच नको, आपण बाहेर देऊ." पण मग पैसे आलेच नाहीत तर मागायला कागदच उरत नाही. शिवाय शुल्क बुडवल्याचा प्रश्न वेगळा. प्रत्येक राज्याचे दर वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या आणि तो खर्च कोण करणार तेही ठरवा.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

आत्याला सांगण्यात आलं होतं की रविवारी नोटरीपुढे सह्या झाल्या की काम झालं. ते बरोबर नाही. दस्तानेच हक्क निर्माण होत असेल किंवा सोडला जात असेल तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत. नोंदवला नाही तर कलम ४९ प्रमाणे त्या दस्ताने मिळकतीवर परिणाम होत नाही.

पूर्वीच तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे खटल्यात मानलं आहे. पण मसुद्यात "या दस्ताने हक्क सोडत आहोत" असं लिहिलं असेल तर ते टिपण राहत नाही, दस्त होतो. म्हणून क्रियापदाचा काळ बघा. "वाटणी झाली होती" आणि "याद्वारे वाटणी करीत आहोत" यांत फार अंतर आहे. आणि जे घडलंच नाही ते घडलं होतं असं नोंदणी टाळायला लिहू नका.

आत्याने काकांना फोन केला तेव्हा ती घाबरली होती. भाऊ काय म्हणेल? काका एवढंच म्हणाले, "अगं, मी पण ती अकरा पानं वाचली नव्हती." रविवारच्या सह्या तीन आठवडे पुढे गेल्या. नवा मसुदा चौदा पानांचा झाला, नकाशासह. चिंचेच्या रानातले साडेपाच आर आत्याच्या नावे लागले. दस्त नोंदवून झाला आहे, आता तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला आहे. ती नोंद होऊन आत्याचं नाव सातबारावर दिसेपर्यंत आम्ही कोणीच फाइल कपाटात ठेवणार नाही.

तुमच्या घरी असा मसुदा आला असेल तर आज रात्री फक्त दोनच गोष्टी करा. शेवटच्या पानावरच्या क्षेत्रांची बेरीज करा, आणि हक्कसोडीच्या वाक्यात "इतर सर्व" व "भविष्यातील" हे शब्द आहेत का ते शोधा. सापडले तर सही करण्याआधी आपल्या बाजूच्या वकिलांना दाखवा. आणि हो, आजीला एकदा फोन लावा.